रोग थांबला, म्हणजे आयुष्य वाढले का?

माझ्या थोरल्या बहिणीला, वय ५८, स्तनाचा कर्करोग हाडांत पसरल्याचे निदान झाले आहे. हार्मोन-पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असा प्रकार आहे. डॉक्टरांनी लेट्रोझोल या हार्मोन औषधाबरोबर पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या सुचवल्या आणि सांगितले की यामुळे रोग न वाढण्याचा काळ साडेचौदा महिन्यांवरून जवळजवळ पंचवीस महिन्यांवर जातो. मी विचारले, म्हणजे ताई दहा महिने जास्त जगेल का? ते म्हणाले, तसे थेट म्हणता येणार नाही. मग या दहा महिन्यांचा अर्थ नेमका काय घ्यायचा? गोळ्यांचा खर्च आम्ही भावंडे मिळून करणार आहोत, पण कशासाठी करतो आहोत हे कळायला हवे.
— एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर टाळाटाळीचे नाही. एवढ्या माहितीवर प्रामाणिक माणूस तेवढेच सांगू शकतो. त्या उत्तरामागे काय आहे, ते मी माझ्या परीने उलगडून सांगते. चाचण्यांच्या आकडेवारीवर काम करणे हा माझा व्यवसाय आहे, मी उपचार करत नाही. त्यामुळे औषध घ्यावे की नाही हे मी सांगणार नाही, पण तो आकडा कसा वाचावा हे सांगू शकते.

तुम्हाला सांगितलेले आकडे पालोमा-२ या चाचणीतले आहेत. तिच्यात ६६६ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी दोन तृतीयांश स्त्रियांना लेट्रोझोलबरोबर पाल्बोसिक्लिब दिले गेले आणि उरलेल्यांना लेट्रोझोलबरोबर तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. ठरलेल्या अंतराने, म्हणजे साधारण दर १२ आठवड्यांनी, स्कॅन काढले जात. गाठींच्या मापांची बेरीज सर्वांत कमी असतानाच्या आकड्यापेक्षा किमान २० टक्क्यांनी वाढली, किंवा शरीरात कुठे नवी गाठ दिसली, की ‘रोग वाढला’ अशी नोंद होई. तोपर्यंतचा, किंवा त्याआधी मृत्यू झाल्यास मृत्यूपर्यंतचा काळ हा ‘रोगवाढीविना काळ’. त्याचा मध्यक, म्हणजे निम्म्या स्त्रियांचा काळ ज्याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त असतो तो आकडा, पाल्बोसिक्लिबच्या गटात २४.८ महिने आणि दुसऱ्यात १४.५ महिने आला. फरक मोठा आहे, योगायोगाने पडावा असा नाही, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावर पुढे कोणी गंभीर शंका घेतलेली नाही. शंका आहे ती या फरकाचा अर्थ लावण्याबद्दल.

स्कॅनवर दिसणारी वाढ ताईंना त्या दिवशी जाणवतेच असे नाही. एखादी गाठ दीड सेंटिमीटरची दोन सेंटिमीटर झाली, तर रेडिओलॉजिस्टच्या अहवालात ती घटना असते, पण त्या सकाळी ताई नेहमीसारख्याच चहा करत असतात. रुग्णाला स्वतःला ज्याची पर्वा असते त्या गोष्टी वेगळ्या आहेत: किती काळ जगणार, त्यातला किती काळ वेदनेशिवाय आणि स्वतःच्या पायांवर जाणार, केमोथेरपीची वेळ किती लांबणार. संशोधक स्कॅनवरची घटना मोजतात, कारण ती लवकर घडते. खऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पाच-सात वर्षे थांबावे लागते. जो निकष खऱ्या निकषाच्या जागी उभा केला जातो त्याला सरोगेट एंडपॉइंट म्हणतात. मराठीत मी त्याला ‘बदली निकष’ म्हणेन, कारण बदली शिक्षक वर्गावर येतो तेव्हा विद्यार्थी जे विचारतात तेच इथे विचारायचे असते: हे सर शिकवणार तेच का, जे परीक्षेत येणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिली चूक बहुतेक सर्वांची होते, आणि ती डॉक्टरांचीही होते. ज्या स्त्रियांचा रोग उशिरा वाढला त्या जास्त जगल्या, असे आकडे जवळपास कोणत्याही चाचणीत दिसतात. ते पाहून वाटते की रोगवाढ लांबवली की आयुष्य वाढणारच. पण या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली असते. काही कर्करोग मुळातच सावकाश वाढणारे असतात. अशा स्त्रीच्या गाठी उशिरा वाढतात आणि ती जगतेही जास्त, आणि या दोन्हींचे कारण तिचा रोग आहे, औषध नव्हे. म्हणजे दोन रुग्णांमधला हा संबंध कितीही घट्ट असला, तरी औषधाने पहिली गोष्ट बदलली की दुसरी बदलतेच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

हा फरक केवळ तर्कापुरता नाही, हे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या ईसीजीवर हृदयाचे अधूनमधून चुकीचे ठोके दिसले, तर ती माणसे अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते, हे १९७० आणि ८० च्या दशकांत पक्के माहीत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबत, म्हणून ती सर्रास दिली जात. कास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीत आधी प्रत्येक रुग्णाला औषध देऊन पाहिले आणि ज्यांचे ठोके खरोखर दबले त्यांनाच पुढे औषध आणि निष्क्रिय गोळी अशा दोन गटांत वाटले. म्हणजे बदली निकषावर उत्तीर्ण झालेलेच रुग्ण चाचणीत होते. औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. ठोके दाबणारी औषधेच काही रुग्णांत जीवघेणी लय सुरू करत होती. कागदावरच्या ईसीजीत मात्र सुधारणाच दिसत होती.

म्हणून बदली निकषाची खरी कसोटी एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करून होत नाही, एका चाचणीची दुसरीशी तुलना करून होते. एकाच आजाराच्या, शक्यतो एकाच जातीच्या औषधांच्या, सर्व चाचण्या गोळा करायच्या आणि प्रत्येकीसाठी दोनच आकडे काढायचे: औषधाने बदली निकष किती हलला आणि खरा निकष किती हलला. मग आलेखावर प्रत्येक चाचणीचा एक ठिपका मांडायचा. ठिपके एका रेषेच्या आसपास शिस्तीत बसले, तर पुढच्या चाचणीत पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. ते विखुरले, तर बांधता येत नाही.

ही कसोटी उत्तीर्ण झालेले एक उदाहरण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरॅसिलवर आधारित केमोथेरपी दिलेल्या १८ चाचण्या आणि २० हजारांहून जास्त रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा तीन वर्षांपर्यंत रोग परतण्यावर औषधाचा जेवढा परिणाम, जवळपास तसाच परिणाम पाच वर्षांच्या जगण्यावर दिसला. ठिपके छान रेषेत बसले. त्यामागचे कारण साधे होते. त्या काळात आतड्याचा रोग परतला की त्यावर फारसे प्रभावी उपचार नव्हते आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात जात. रोग परतणे आणि मृत्यू यांमध्ये दुसरे काही घडायला जागाच नव्हती. पुढे परतलेल्या रोगावर चांगली औषधे आली, हे अंतर लांबले, आणि मग तीन वर्षांच्या आकड्याशी ताळमेळ दिसायला पाच वर्षेही पुरेनात, सहा-सात वर्षांचे जगणे पाहावे लागू लागले. एकदा सिद्ध झालेला बदली निकष कायमचा सिद्ध राहत नाही, ही बाब आमच्या क्षेत्रातली माणसेही अनेकदा विसरतात.

आता ताईंच्या आजाराकडे परत येऊ. आतड्याच्या उदाहरणातला जो गुण होता, नेमका त्याच्या उलट अवगुण इथे आहे. पालोमा-२ मध्ये केवळ लेट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांचा रोग मध्यकाप्रमाणे १४.५ महिन्यांत वाढला, पण त्यांचे एकूण जगणे मध्यकाप्रमाणे ५१.२ महिने होते. मध्यकांची अशी वजाबाकी काटेकोर गणितात बसत नाही, तरी ढोबळ चित्र कळते: पहिल्या रोगवाढीनंतर सुमारे तीन वर्षांचे आयुष्य शिल्लक होते. त्या तीन वर्षांत दुसरी हार्मोन औषधे, केमोथेरपी आणि काहींच्या बाबतीत पाल्बोसिक्लिबच्याच जातीची औषधे मिळाली. पहिल्या टप्प्यात मागे पडलेल्या स्त्रिया पुढच्या टप्प्यांत काही अंशी भरून निघू शकतात. उलटही होऊ शकते: पहिल्या टप्प्यात औषधाचा मारा सोसून टिकलेल्या पेशी पुढच्या उपचारांना कमी दाद देतात. या दोन्हींमुळे सुरुवातीचे दहा महिने शेवटी दहा राहतीलच असे नाही.

पालोमा-२ मधले एकूण जगण्याचे आकडे २०२२ मध्ये जाहीर झाले. पाल्बोसिक्लिबच्या गटात मध्यक ५३.९ महिने होता, दुसऱ्या गटात ५१.२. हा जेमतेम पावणेतीन महिन्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, इतका तो अनिश्चित होता.

इथे थांबलो असतो, तर ‘रोगवाढीविना काळ हा निकष निरुपयोगी आहे’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण त्याच जातीचे दुसरे औषध, रायबोसिक्लिब, मोनालीसा-२ या चाचणीत तपासले गेले, आणि तेही लेट्रोझोलबरोबरच. तिच्यात रोगवाढीविना काळ १६.० महिन्यांवरून २५.३ महिन्यांवर गेला, म्हणजे पाल्बोसिक्लिबसारखाच, थोडा कमीच म्हणा. एकूण जगणे मात्र ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेले. फरक साडेबारा महिन्यांचा, आणि तो योगायोग मानता येण्यासारखा नव्हता.

तुमच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला या जोडीत दिसते. एकच आजार, सोबतचे औषध एकच, औषधाची जात एकच आणि बदली निकषावरचा लाभही जवळपास तेवढाच, तरी खऱ्या निकषावर एकीकडे साडेबारा महिने आणि दुसरीकडे अनिश्चित असे पावणेतीन. २०१६ मध्ये कोणी या दोन चाचण्यांचे रोगवाढीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘यांपैकी कोणते औषध आयुष्य वाढवेल?’ असे विचारले असते, तर त्या आकड्यांवरून कोणालाही सांगता आले नसते.

मात्र यावरून ‘रायबोसिक्लिब चांगले, पाल्बोसिक्लिब वाईट’ असा घाईचा निष्कर्ष काढू नका. या दोन औषधांची त्या चाचण्यांत समोरासमोर तुलना झालेली नाही. दोन्हींत घेतलेल्या स्त्रियाही अगदी एकसारख्या नव्हत्या. पालोमा-२ मध्ये आधीचे उपचार संपल्यावर लवकर रोग परतलेल्या स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते, आणि अशांचा रोग जास्त आक्रमक असतो. शिवाय पालोमा-२ मधल्या बऱ्याच स्त्रियांचे पुढे काय झाले, याची माहितीच शेवटी मिळू शकली नाही, आणि असे निसटलेले रुग्ण निष्क्रिय गोळीच्या गटात जास्त होते. दीर्घ चाचणीत हे नेहमीचे दुखणे आहे: बदली निकष सहज हाती लागतो, आणि खऱ्या निकषापर्यंत पोहोचेपर्यंत काही रुग्णांचा संपर्क तुटतो. असे असले तरी पाल्बोसिक्लिब आयुष्य वाढवते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या औषधाची होती, आणि या चाचणीत ते सिद्ध झाले नाही, एवढे निःसंदिग्धपणे म्हणता येते. मी सल्लागार असते, तर रायबोसिक्लिबचा पुरावा अधिक भक्कम आहे असे म्हटले असते, आणि त्या औषधासाठी ईसीजी व यकृताच्या तपासण्यांवर जास्त लक्ष ठेवावे लागते हेही सोबत सांगितले असते.

आता खर्चाशी थेट जोडलेली एक चाचणी. नेदरलँड्समध्ये सोनिया नावाच्या चाचणीत १०५० रुग्णांना दोन गटांत वाटले. एका गटाने या जातीचे औषध पहिल्याच टप्प्यात, हार्मोन औषधाबरोबर सुरू केले. दुसऱ्याने आधी नुसते हार्मोन औषध घेतले आणि रोग वाढल्यावर, दुसऱ्या टप्प्यात, या जातीचे औषध घेतले. दहातल्या सुमारे नऊ जणींनी पाल्बोसिक्लिबच घेतले होते. पहिल्या रोगवाढीपर्यंतचा काळ पाहिला, तर आधी औषध घेणाऱ्यांचा फायदा ठळक दिसला, पालोमा-२ मध्ये दिसला होता तसाच. पण संशोधकांनी मुख्य निकष म्हणून दुसऱ्या टप्प्यानंतरची रोगवाढ धरली होती, म्हणजे दोन्ही गटांना दोन्ही उपचार मिळून गेल्यानंतरची स्थिती. तिथे मध्यक औषध आधी घेणाऱ्यांत ३१.० आणि नंतर घेणाऱ्यांत २६.८ महिने आला आणि हा फरक निश्चित म्हणता येण्याइतका ठाम नव्हता. एकूण जगण्यात आणि जीवनमानात फरक दिसला नाही. मात्र औषध आधी घेणाऱ्यांनी ते मध्यकाप्रमाणे सुमारे साडेचोवीस महिने घेतले आणि नंतर घेणाऱ्यांनी सुमारे आठ, आणि गंभीर दुष्परिणाम पहिल्या गटात बरेच जास्त झाले.

सोनियाच्या रचनेत एक शहाणपण आहे, ज्याचे मला फार कौतुक वाटते. तिने बदली निकष टाकून दिला नाही, तो खऱ्या निकषाच्या दिशेने एक पायरी पुढे सरकवला. पहिली रोगवाढ कधी झाली हे विचारण्याऐवजी ‘सगळे उपचार एका क्रमाने दिल्यावर तुम्ही कुठे पोहोचता?’ हे विचारले. घरच्या माणसाचा प्रश्नही हाच असतो. याची मर्यादाही लक्षात ठेवा: दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांबायचे तर रोग वाढल्यावर पुढचे औषध लगेच आणि खात्रीने मिळायला हवे. डच आरोग्यव्यवस्थेत ते मिळते. आपल्याकडे तीन महिन्यांचा स्कॅन चुकला, पैसे उभे राहिले नाहीत किंवा शहरापर्यंत जाणे झाले नाही, तर दुसरा टप्पा हातातून जाऊ शकतो. शिवाय रोग यकृतात किंवा फुफ्फुसांत वेगाने वाढत असेल, तर थांबण्याचा विचार कोणी करू नये. फक्त हाडांत असलेल्या रोगाचे गणित वेगळे असू शकते, आणि ताईंचा रोग सध्या कुठे व किती आहे हे तुमचे डॉक्टरच सांगू शकतील.

मग दहा महिन्यांना स्वतःची काही किंमत आहे का? आहे, पण ती वेगळी मोजावी लागते. रोगवाढ लांबली आणि तेवढा काळ केमोथेरपीही लांबली, तर ते रुग्णाला जाणवणारे आहे. हाडांतला रोग वाढला की वेदना किंवा अस्थिभंगाची भीती असते. तो काळ पुढे ढकलला गेला, तर तेही जाणवते. म्हणजे रोगवाढीविना काळ हा आयुष्याचा बदली नसला, तरी काही अंशी स्वतःच एक खरा निकष असू शकतो. पण तसे म्हणायचे असेल, तर रुग्णांना थेट विचारलेल्या प्रश्नावलीत ते दिसायला हवे. पालोमा-२ मधल्या प्रश्नावलीत दोन गटांच्या एकूण जीवनमानात लक्षणीय फरक दिसला नाही. याच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. औषधाची भर पडूनही जगणे बिघडले नाही, ही चांगली बातमी आहे. रोग आटोक्यात राहूनही जगणे सुधारलेले जाणवले नाही, हेही तितकेच खरे. दुष्परिणामांत पांढऱ्या पेशी कमी होणे सर्वांत जास्त आढळते: गंभीर प्रमाणात ते दर तीन स्त्रियांपैकी दोघींत झाले, पण त्यासोबत ताप येण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिले. म्हणून २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी या चक्रात रक्ततपासणी चुकवायची नसते.

आता पैशाचे. भारतात पाल्बोसिक्लिबचे पेटंट २०२३ च्या सुरुवातीला संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्याने किंमत बरीच उतरली. त्यामुळे सोनियाने उपस्थित केलेला प्रश्न आपल्याकडे थोडा सौम्य झाला आहे, नाहीसा झालेला नाही, कारण गोळ्या दोन-दोन वर्षे चालतात आणि तपासण्यांचा खर्च वेगळा असतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘किती महिने वाढतील?’ असे विचारण्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवेन. ताईंच्या बाबतीत रायबोसिक्लिबचा विचार होऊ शकतो का, आणि नसेल तर कारण काय: हृदयाची लय, यकृत, दुसरी चालू औषधे की फक्त किंमत? सध्याचा रोग पाहता आधी नुसते लेट्रोझोल देऊन दर तीन महिन्यांनी स्कॅन करत पुढे जाणे सुरक्षित ठरेल का? आणि पाल्बोसिक्लिब सुरू केले, तर ते कशासाठी घेत आहोत हे डॉक्टर कोणत्या शब्दांत मांडतील? ‘आयुष्य वाढण्यासाठी’ असे उत्तर आले, तर नम्रपणे एकूण जगण्याच्या आकड्यांविषयी विचारा. ‘केमोथेरपी लांबवण्यासाठी’ असे आले, तर ते पटण्यासारखे उत्तर आहे, आणि मग त्यासाठी किती खर्च करायचा हे ठरवताना ताईंनाही सोबत बसवा, कारण केमोथेरपी लांबण्याला त्या किती महत्त्व देतात हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसणार.

औषध आधीच सुरू झाले असेल, तर हे पत्र वाचून ते बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.